२२ सप्टेंबरला माल संपला, आणि मशीनला वाटलं मागणीच घटली

रोज रात्री २ वाजता एक छोटा प्रोग्रॅम चालतो. प्रत्येक वस्तूचा साठा बघतो, तो ठरलेल्या पातळीखाली गेला असेल तर पुरवठादाराच्या नावाने पर्चेस ऑर्डर तयार करतो आणि थांबतो. या पातळीला रिऑर्डर पॉइंट म्हणतात. नाशिकच्या एका डिस्ट्रिब्युटरसाठी असा प्रोग्रॅम मी लिहिला होता. साबण, शाम्पू, टूथपेस्ट असा माल ते किराणा दुकानांना पुरवतात. वर्षभर प्रोग्रॅम नीट चालला. मग २०२५ चा सप्टेंबर आला, आणि जीएसटीच्या दरकपातीत तो असा फसला की मला माझंच गणित पुन्हा शिकावं लागलं.

आधी त्या महिन्यात काय झालं ते आठवूया. १५ ऑगस्टला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठे बदल करण्याची घोषणा केली. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने दर ठरवले आणि ते २२ सप्टेंबरपासून, म्हणजे घटस्थापनेच्या दिवसापासून लागू होणार असं जाहीर झालं. टूथपेस्ट, शाम्पू, केसांचं तेल, अंगाचा साबण या वस्तू १८ टक्क्यांवरून थेट ५ टक्क्यांवर आल्या.

म्हणजे ४ सप्टेंबरच्या सकाळी प्रत्येक दुकानदाराला माहीत होतं की हाच माल अठरा दिवसांनी स्वस्त होणार आहे. मग आज कोण भरेल? ज्यांना इनपुट क्रेडिट मिळतं त्यांचेही पैसे जुन्या एमआरपीच्या मालात अडकणार होते. कंपोझिशन योजनेतल्या छोट्या दुकानदाराला तर क्रेडिट मिळतच नाही, त्यामुळे जास्तीचा कर थेट त्याच्या खिशातून जाणार होता. सगळ्यांनी हात आखडला. हे एकट्या नाशिकमध्ये झालं नाही. वितरक आणि दुकानदार आधी जुन्या किमतीचा साठा संपवत असल्यामुळे विक्रीला फटका बसतोय, असं हिंदुस्थान युनिलिव्हरने त्याच सुमारास शेअर बाजारांना कळवलं होतं.

आता प्रोग्रॅमकडे वळू. रिऑर्डर पॉइंटचं सूत्र साधं आहे. रोजची सरासरी विक्री गुणिले माल यायला लागणारे दिवस, अधिक थोडा राखीव साठा. एक टूथपेस्ट घेऊ. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी ते गोल केलेत आणि रविवारची सुट्टी धरलेली नाही. एरवी रोज ४० बॉक्स जायचे, कंपनीकडून माल यायला ५ दिवस लागायचे आणि राखीव साठा ६० बॉक्सचा होता. ४० गुणिले ५ म्हणजे २००, त्यात ६० मिळवले की रिऑर्डर पॉइंट २६०.

पूर्वी हा २६० चा आकडा डिस्ट्रिब्युटर काका स्वतः ठरवून सॉफ्टवेअरमध्ये टाकायचे आणि वर्षानुवर्षं तोच राहायचा. मला ते मागासलेलं वाटलं. म्हणून मी शहाणपणा करून, मागच्या ३० दिवसांच्या विक्रीवरून तो रोज रात्री आपोआप नव्याने काढायची सोय केली. विक्री वाढली की पातळी वाढेल, घटली की घटेल. कागदावर हे छान दिसतं.

४ सप्टेंबरपासून विक्री ४० वरून १६ बॉक्सवर आली. २२ तारखेच्या पहाटे प्रोग्रॅमने मागचे ३० दिवस बघितले, तेव्हा त्यात बारा दिवस ४० चे आणि अठरा दिवस १६ चे होते. सरासरी निघाली २५.६ आणि रिऑर्डर पॉइंट झाला १८८. गोदामात २३० बॉक्स होते. २३० हे १८८ पेक्षा जास्त, म्हणून ऑर्डर गेली नाही. गणितात एकही चूक नव्हती. फक्त त्याच सकाळी दर बदलणार आहेत हे त्या गणितात कुठेच नव्हतं.

२२ तारखेला दुकानदारांनी रिकामे झालेले रॅक भरायला घेतले. एका दिवसात ६५ बॉक्स गेले आणि साठा १६५ वर आला. २३ च्या पहाटे प्रोग्रॅमने ४०० बॉक्सची ऑर्डर तयार केली. पण त्या आठवड्यात सगळेच डिस्ट्रिब्युटर एकदम मागत होते, त्यामुळे ५ दिवसांत येणारा माल ८ दिवसांनी, १ ऑक्टोबरला आला. मधल्या काळात २३ आणि २४ ला ६५-६५ बॉक्स गेले, २५ ला उरलेले ३५ गेले आणि मग ३० सप्टेंबरपर्यंत रॅक रिकामा. नवरात्रातच माल नाही म्हटल्यावर काही दुकानदारांनी दुसऱ्या डिस्ट्रिब्युटरकडून माल उचलला. दुकानदार एकदा दुसरीकडे गेला की तो परत येईलच असं नसतं, हे काकांनी मला नंतर नीट समजावलं.

इथवर मी म्हणू शकलो असतो की सरकारने दर बदलले, त्यात प्रोग्रॅमचा काय दोष? पण १ ऑक्टोबरला सकाळी काकांचा फोन आला. ते स्क्रीनसमोर बसले होते.

"अरे, पाच दिवस माझ्याकडे माल नव्हता. आणि तुझं मशीन म्हणतंय की आता १६६ बॉक्स उरेपर्यंत ऑर्डर द्यायची गरज नाही. आधी १८८ म्हणत होतं. हे उलटं कसं चाललंय?"

मी लॉग उघडला. सप्टेंबरच्या ३० दिवसांत तीन दिवस ४० चे, अठरा दिवस १६ चे, तीन दिवस ६५ चे, एक दिवस ३५ चा आणि पाच दिवस शून्याचे. बेरीज ६३८, सरासरी २१.३, रिऑर्डर पॉइंट १६६. माल नव्हता म्हणून विक्री शून्य झाली होती. प्रोग्रॅमने ते 'गिऱ्हाईकच नव्हतं' असं वाचलं. आपण विक्री मोजतो आणि तिला मागणी समजतो. रॅकवर माल असतो तोवर हे चालून जातं. रॅक रिकामा झाला की दोन्हींचा संबंध तुटतो. मग माल संपल्याने पातळी खाली येते, पातळी खाली आल्याने पुढची ऑर्डर उशिरा जाते आणि माल पुन्हा संपतो.

प्रत्यक्षात त्या दिवशीची गरज काय होती? रोज ६५ बॉक्स, ८ दिवस, वर ६० राखीव, म्हणजे ५८०. मशीन सांगत होतं १६६. ते तसंच सोडलं असतं तर नवे ४०० बॉक्स कमी होत ५ ऑक्टोबरच्या पहाटे १४० वर आले असते, ऑर्डर तेव्हा गेली असती आणि ७ तारखेपर्यंत रॅक पुन्हा रिकामा झाला असता. तेही दिवाळीच्या तोंडावर.

दुरुस्ती करताना मी पहिल्यांदा सरासरीची क्वेरी बदलली. ज्या दिवशी दिवसअखेर साठा शून्य होता तो दिवस मोजायचा नाही. जे दिवस असामान्य होते हे आपल्याला माहीत आहे, तेही वगळायचे.

```sql
SELECT item_code, AVG(qty_sold) AS daily_avg
FROM daily_sales
WHERE sale_date >= CURRENT_DATE - 30
  AND closing_stock > 0
  AND sale_date NOT BETWEEN '2025-09-04' AND '2025-09-21'
GROUP BY item_code;
```

१ ऑक्टोबरला ही क्वेरी चालवली तर हाती सहाच दिवस उरतात आणि सरासरी येते ५२.५. माल यायचे दिवसही मी आता ५ असे लिहून ठेवत नाही, शेवटच्या काही ऑर्डरींचा माल प्रत्यक्षात कधी उतरला त्या तारखांवरून काढतो. ८ दिवस धरले की रिऑर्डर पॉइंट ४८० होतो. पण सहा दिवसांच्या सरासरीवर पुढच्या महिन्याची खरेदी ठरवणं म्हणजे जुगारच, आणि इथे कोडची मर्यादा येते. मागच्या आकड्यांमध्ये पुढची तारीख कधीच नसते. ती माणसाच्या डोक्यात असते.

म्हणून दुसरी दुरुस्ती केली ती माणसासाठी. काकांना प्रत्येक वस्तूपुढे स्वतःचा अंदाज टाकता येतो, पण त्याला शेवटची तारीख द्यावीच लागते. त्यांनी टूथपेस्टला ६५ टाकलं, दिवाळीपर्यंत. शेवटची तारीख सक्तीची का? गर्दीच्या आठवड्यांतला आकडा कुणी विसरला तर नोव्हेंबरमध्ये मशीन त्याच जोशात माल मागवत राहील आणि गोदाम भरेल. शिवाय पातळीला एक तळ दिला. गणित काहीही म्हणो, काकांनी ठरवलेल्या २६० च्या खाली ती जाणार नाही. टॅलीच्या रिऑर्डर लेव्हलमध्ये खपावरून काढलेला आकडा आणि हाताने टाकलेला आकडा यातला मोठा धरायची सोय आधीपासूनच आहे. मी मागासलेलं समजत होतो ते हेच.

तिसरी गोष्ट मात्र मी सुदैवाने आधीच बरोबर केली होती. तुलना करताना फक्त गोदामातला साठा बघायचा नसतो.

```sql
WHERE on_hand + on_order - reserved <= reorder_point
```

हातातला माल, वाटेवरचा माल, त्यातून दुकानदारांना कबूल केलेला माल वजा. वाटेवरचा माल धरला नसता तर २३ ते ३० सप्टेंबर रोज पहाटे ४०० ची नवी ऑर्डर तयार झाली असती आणि १ ऑक्टोबरनंतर ३,२०० बॉक्स दारात उभे राहिले असते. तरीही आमचा प्रोग्रॅम ऑर्डर परस्पर पाठवत नाही, मसुदा बनवून ठेवतो आणि काका सकाळी बघून सोडतात. ओडू सॉफ्टवेअरसुद्धा साधारणपणे पुरवठादारासाठी मसुदाच तयार करतं. ईआरपीनेक्स्ट तर ऑर्डरच्या आधीची मटेरियल रिक्वेस्ट बनवून थांबतं.

तुमच्याकडे असा प्रोग्रॅम चालत असेल तर एकच गोष्ट तपासा. मागच्या तीन महिन्यांत जी वस्तू संपली होती ती शोधा आणि ती संपल्यानंतरच्या आठवड्यात तिचा रिऑर्डर पॉइंट वर गेला की खाली, ते बघा. खाली गेला असेल, तर तुमचं मशीनही रिकाम्या रॅकलाच घटलेली मागणी समजतंय.