विनोद ढगावर, मित्रावर नाही

एकोणतिसावा रोजा सोडून आम्ही तिघे मशिदीच्या गच्चीवर चंद्र शोधत होतो. पश्चिमेला ढग दाटले होते. एक मित्र म्हणाला, "हिशेबाने आधीच कळतं, डोळे कशाला ताणायचे?" दुसरा म्हणाला, "पाहिल्याशिवाय ईद नाही." आवाज चढले आणि गाडी "तू नावाचाच मुसलमान" इथवर आली.

मी म्हणालो, "चंद्र ढगाआड बसून म्हणत असेल, आधी या दोघांचं मिटू दे, मग निघतो. आणि घरी पातेलंभर दूध ताटकळलंय, शिरखुर्मा व्हायचं की सहरीचा चहा!"

दोघेही हसले, कारण ढग आणि दूध दोघांच्याही वाट्याला होते. मी "आला मोठा शास्त्रज्ञ" म्हणालो असतो, तर एकच हसला असता आणि दुसऱ्याला वाटलं असतं, आता हे दोघे माझ्याविरुद्ध. एकच हसला तर विनोद चुकला, ही माझी खूण.

सूरह हुजुरातच्या अकराव्या आयतीत माणसांची टर उडवायला आणि नावं ठेवायला मनाई आहे. ती हसण्याला नाही, माणूस छोटा करण्याला आहे, असं मी समजतो.

पण हसण्याने ते वाक्य पुसलं गेलं नव्हतं. म्हणून जिना उतरताना मी पहिल्याला पुढे जाऊ दिलं आणि दुसऱ्याला हळूच म्हणालो, "तेवढं माफ कर म्हण." इशाच्या नमाजनंतर त्याने म्हटलं. विनोदाने फक्त तेवढी उसंत मिळवून दिली होती.