गल्लीपुरती लहर आणि जवळजवळचे खांब

विजेच्या खांबावर किंवा स्टेशनच्या छपराखाली मोबाइल कंपनीची लहानशी पेटी दिसली की कुजबुज सुरू होते. पूर्वी गावाला एक टॉवर पुरत होता, आता प्रत्येक वळणावर पेटी कशाला? लहरी जास्त घातक झाल्या म्हणूनच ना? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर नेमके उलट्या दिशेला सापडते. या लहरी दुबळ्या आहेत, म्हणून पेट्या जवळजवळ लावाव्या लागतात.

२०२२ च्या लिलावात ‘फाइव्ह-जी’साठी विकल्या गेलेल्या लहरींमध्ये ७०० मेगाहर्ट्झ, ३३०० मेगाहर्ट्झ आणि २६ गिगाहर्ट्झ असे तीन महत्त्वाचे पट्टे होते. ७०० च्या लहरीची लांबी हातभर, म्हणजे सुमारे ४३ सेंटिमीटर असते. २६ गिगाहर्ट्झची जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. या शेवटच्या पट्ट्यालाच ढोबळपणे मिलिमीटर लहर म्हणतात. त्याचे आकर्षण रुंदीत आहे. दोन मोठ्या कंपन्यांनी ३३०० च्या पट्ट्यात प्रत्येकी १०० मेगाहर्ट्झ घेतले, तर २६ गिगाहर्ट्झमध्ये ८०० ते १००० मेगाहर्ट्झ. रस्ता जितका रुंद, तितकी माहिती एकाच वेळी जास्त जाते.

मात्र या रुंद रस्त्यावर अडथळे फार. कर्जत स्टेशनचे उदाहरण घेऊ. घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिने जोडली जातात, तोवर वडापावसाठी फलाटावर झुंबड उडते आणि शेकडो फोन एकदम चालू होतात. समजा, तेथे दीडशे मीटरवर २६ गिगाहर्ट्झची एक पेटी लावली. मोकळ्या हवेतून ही लहर चांगली पोहोचते. पण मध्ये माणूस आडवा आला की शंभरातला जेमतेम एक भाग पुढे जातो, कारण शरीरातले पाणी तिला शोषून घेते. फोन धरलेला हातही हेच करतो. डब्याचा पत्रा तिला जवळपास पूर्ण अडवतो, तर काँक्रीटच्या भिंतीपलीकडे ती पोहोचतच नाही म्हटले तरी चालेल. लांब लहर अडथळ्याला वळसा घालते. इतकी आखूड लहर मागे सावली सोडते.

पावसाचे गणित मात्र वेगळे आहे. तासाला ५० मिलिमीटर या वेगाने कोसळणाऱ्या सरीत एक किलोमीटरवर या लहरीचा सहावा हिस्साच उरतो, पण दोनशे मीटरवर सुमारे सत्तर टक्के टिकतो. म्हणजे कर्जतचा पाऊसही जवळच्या पेटीला फारसा हरवत नाही. खरा शत्रू आडवे येणारे माणूस, झाड आणि भिंत.

म्हणूनच एका पेटीने भागत नाही. फलाटाच्या दोन टोकांना दोन पेट्या असतील, तर एकीची वाट अडली तरी फोन दुसरीकडून लहर घेतो. जवळजवळ खांब असण्यामागे अंतराइतकेच हे सावलीचे कारण आहे.

आता आरोग्याचा मुद्दा. जी लहर हाताने अडते, ती शरीरात किती शिरणार? २६ गिगाहर्ट्झची ऊर्जा मुख्यतः त्वचेच्या वरच्या सुमारे एका मिलिमीटरमध्ये शोषली जाते आणि तिचा सिद्ध झालेला परिणाम म्हणजे ऊब. प्रमाण मर्यादेत राहावे यासाठी सरकारी निकष आहेत. या पट्ट्यावरचे दीर्घकालीन अभ्यास अजून थोडे आहेत, त्यामुळे ते चालू राहायला हवेत. पण छोटी पेटी सहसा काही वॅटवर चालते, शिवाय केंद्र जवळ असले की खिशातला फोनही कमी जोर लावतो. शरीराला सर्वांत जवळचा प्रक्षेपक फोनच असल्याने ही गोष्ट लहान नाही. पेटी हाताच्या अंतरावर किंवा थेट खिडकीसमोर नसावी, एवढी मागणी मात्र नागरिकांनी जरूर करावी.

खरी चिंता दुसरीच आहे. मिलिमीटर लहर शोभते ती स्टेशनवर किंवा खालापूरच्या टोलनाक्यावर. डोंगरातल्या वाडीला तिचा उपयोग नाही. प्रत्येक झाडामागे खांब कोण लावणार? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वर गाडीरस्ता नव्हता, मदत पायी चढून गेली. अशा वाड्यांमधून रात्री-अपरात्री फोन लागायचा असेल, तर हवी ती ७०० मेगाहर्ट्झसारखी लांब पल्ल्याची लहर आणि वीज गेली तरी चालणारा टॉवर.

त्यामुळे पेटीला सरसकट विरोध करण्यापेक्षा ग्रामपंचायतींनी आणि नगरपरिषदांनी कंपनीला दोन प्रश्न विचारावेत. इथे कोणता पट्टा लावणार? आणि डोंगरातल्या वाडीपर्यंत कोणता पोहोचवणार? स्टेशनवर चित्रपट झटकन उतरला आणि वाडीतून रुग्णवाहिकेला फोन लागला नाही, तर ‘फाइव्ह-जी’ तालुक्यात आले असे म्हणता येणार नाही.