बादलीचा दस्तूर आणि लाकडी जमीन

फिनेलचा वास म्हणजेच स्वच्छता, या आपल्याकडील समजुतीविरुद्ध मी या स्तंभातून वारंवार तक्रार केली आहे. या आठवड्यात एका परिचितांच्या नव्या सदनिकेतील लॅमिनेटची जमीन पाहिल्यावर ती पुन्हा नोंदवणे अगत्याचे वाटते. बाल्कनीलगतच्या फळ्यांवरून तळहात फिरवला असता सांध्यासांध्यापाशी बारीक उंचवटा लागत होता, आणि दोष मात्र नाहक कारागिराच्या माथी मारला जात होता. भिंतीलगत प्रसरणासाठी फट सोडलेली नसती, तर फळ्या आवळल्या जाऊन जमीन एखाद्या पट्ट्यात सबंधच उचलली गेली असती. फळीचा मध्य सपाट आणि कडा तेवढ्या फुगलेल्या, हे लक्षण बहुधा वरून सांध्यांत मुरलेल्या पाण्याचे असते.

शहाबादी फरशीवर बादलीभर पाणी ओतून खराट्याने ते मोरीकडे लोटण्याचा आपला दस्तूर त्या फरशीपुरता यथायोग्यच होता, कारण दगड पाण्याने फुगत नाही. लॅमिनेटचा पृष्ठभागही कठीण राळेचा असल्याने तसाच अभेद्य भासतो. परंतु त्याच्या पोटात दाबून घट्ट केलेला लाकडाचा तंतू असतो, आणि सांध्यातून पाणी शिरताच तो जो फुगतो तो वाळल्यावरही पूर्ववत होत नाही. वरचे लाकूड म्हणजे छापील कागद असल्यामुळे रंधा वा पॉलिशकागद चालवून उंचवटा काढण्याची सोय नाही. फळीच बदलावी लागते. इंजिनिअर्ड फळीवर मात्र खऱ्या लाकडाचा पापुद्रा असतो आणि तो पुरेसा जाड, म्हणजे सुमारे 3 ते 4 मिलिमीटर असेल, तर एकदोनदा घासून नवे लॅकर देता येते. तथापि ही सवलत ओल्या फडक्याचा परवाना समजू नये.

प्रथम मऊ झाडूने वा मायक्रोफायबरच्या कोरड्या फडक्याने वाळूचे कण निःशेष काढावेत, कारण पुसताना तेच कण ओरखडे पाडतात. मग फडके एक थेंबही गळणार नाही इतके पिळून, फळीच्या लांबीच्या दिशेने फिरवावे. मागे राहिलेला ओलसर माग एकदोन मिनिटांत आपोआप उडून गेला, तर पाण्याचे प्रमाण योग्य. रेंगाळला, तर फडके पुन्हा पिळावे. साधे पाणी बहुधा पुरते. चिकट डागाला सौम्य साबणाचे दोनचार थेंब पुरेत. फिनेल, ॲसिड, ब्लीच आणि लोकप्रिय व्हिनेगरही वर्ज्य, कारण यांनी लॅकरची झळाळी मंदावते. वाफेचा मॉप तर सांध्यांत ओलावा कोंबतो. तेल दिलेल्या लाकडाला उत्पादकाने सुचवलेलाच साबण वापरावा.

घरकामास येणाऱ्या बाईंना दोष देण्याआधी मालकांनी हे फडके स्वतः एकदा पिळून दाखवावे आणि बादली अशी जमीन असलेल्या खोल्यांच्या उंबरठ्याबाहेरच ठेवण्याची ताकीद प्रथम स्वतःस द्यावी.