स्वेच्छानिवृत्ती आणि कर: नेपानगरच्या आकड्यांतून उलगडणारा हिशेब

महाराष्ट्राच्या जळगाव जिल्ह्याला लागून असलेल्या मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर जिल्ह्यात नेपानगर हे कारखान्याभोवती वाढलेले गाव आहे. देशातील वृत्तपत्र-कागदाचा हा पहिला कारखाना पंडित नेहरूंनी 1956 मध्ये राष्ट्राला अर्पण केला. पुढे तो आजारी पडला. ऑक्टोबर 2018 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळ समितीने त्याच्या पुनरुज्जीवनाची योजना मंजूर केली, तेव्हा वेतन भागवण्यासाठी 101.58 कोटींचे कर्ज आणि 400 कर्मचाऱ्यांच्या स्वेच्छानिवृत्तीसाठी सुमारे 90 कोटी रुपये अशी तरतूद तीत होती. माणशी सरासरी साडेबावीस लाख रुपये. अशी रक्कम समोर आल्यावर माणूस नोकरी का सोडतो आणि प्राप्तिकर त्या निर्णयाला कोणत्या दिशेने ढकलतो, हे समजून घेण्यास हे आकडे उपयोगी पडतात.

अर्थशास्त्र या प्रश्नाची फोड दोन परिणामांत करते. कर वाढला की हातात पडणारे उत्पन्न घटते. घरखर्च मात्र घटत नाही. म्हणून माणूस अधिक काम करू पाहतो. हा उत्पन्न परिणाम. त्याच वेळी कामाच्या प्रत्येक जादा तासाचा मोबदलाही कमी होतो आणि त्यामानाने विश्रांती स्वस्त ठरते. म्हणून माणूस काम कमी करू पाहतो. हा पर्यायता परिणाम. दोन्ही एकाच वेळी आणि विरुद्ध दिशांनी ओढतात. कोणता वरचढ ठरेल हे माणसाच्या परिस्थितीवर अवलंबून असते.

बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागांवर पहिल्या परिणामाचे रूप कराविनाही दिसू शकते. मीटरमागे मजुरी मिळवणाऱ्या विणकराचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली असते. पण मजुरीचा दर उतरला की त्याच्यावर होणारा परिणाम करवाढीसारखाच असतो. शिल्लक गाठीशी नसलेल्या कुटुंबाला मागावरचे तास वाढवूनच तेवढे पैसे उभे करावे लागतात. येथे उत्पन्न परिणाम वरचढ ठरतो.

पगारदाराचे तसे नाही. त्याची पाळी आठ तासांची ठरलेली असते. करामुळे ती सात किंवा नऊ तासांची होत नाही. त्याच्यापुढे निवडीच्या जागा दोनच: जादा काम स्वीकारायचे की नाही, आणि नोकरीत राहायचे की बाहेर पडायचे.

जादा कामाच्या बाबतीत 2025 च्या अर्थसंकल्पातील नवी कररचना एका ठिकाणी फार तीव्र परिणाम घडवते. प्रमाणित वजावट धरून 12.75 लाखांपर्यंतच्या वार्षिक पगारावर कर लागत नाही. ही सीमा दहा हजारांनी ओलांडली तर सीमावर्ती सवलतीमुळे कर दहा हजारांपुरता मर्यादित राहतो. म्हणजे जादा कमाई सगळीच करात जाते आणि वर उपकराचे 400 रुपये भरावे लागतात. पगार सुमारे 13.45 लाखांच्या पुढे जाईपर्यंत हीच स्थिती राहते. पणजी वा वास्कोतील या पट्ट्यातल्या कर्मचाऱ्याने मार्च महिन्यात जादा पाळी नाकारली, तर त्याला आळशी म्हणता येणार नाही. हा शुद्ध पर्यायता परिणाम आहे.

आता स्वेच्छानिवृत्ती. निव्वळ उदाहरणादाखल नेपानगरची सरासरी रक्कम आणि आजचे करदर घेऊ. समजा, एका कर्मचाऱ्याला दरमहा पन्नास हजार रुपये मिळतात आणि त्याच्या सेवेची पाच वर्षे उरली आहेत. राहिला तर पाच वर्षांत तीस लाख मिळतील. वार्षिक सहा लाखांवर आज कर नाही. सोडली तर साडेबावीस लाख एकरकमी मिळतील. वरवर पाहता साडेबावीस लाख ही मोठी संपत्ती वाटते आणि तिच्या आधारे माणूस विश्रांती घेतो, म्हणजे हा उत्पन्न परिणाम आहे, असा समज होतो. तो फसवा आहे. सोडणारा माणूस श्रीमंत होत नाही. उलट साडेसात लाखांनी गरीब होतो. ती रक्कम म्हणजे त्याच्याच भावी पगाराचा आगाऊ दिलेला तीन-चतुर्थांश हिस्सा आहे.

तरीही तो का सोडतो? कारण राहण्याचा मोबदला कोसळलेला असतो. पाच वर्षे राबून त्याच्या पदरात जादा पडतात ते फक्त साडेसात लाख, म्हणजे महिन्याला साडेबारा हजार. पन्नास हजारांच्या पगारावर 75 टक्के कर बसावा, तसाच हा प्रकार. हा कर कोणत्याही कायद्यात लिहिलेला नसतो. अर्थतज्ज्ञ त्याला गर्भित कर म्हणतात. जोनाथन ग्रुबर आणि डेव्हिड वाइज यांनी 1999 मध्ये संपादित केलेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हेच दाखवून दिले होते: निवृत्तिवेतनाच्या नियमांमुळे ज्या देशांत काम चालू ठेवण्यावर असा गर्भित कर जास्त, त्या देशांत वयस्क माणसे लवकर बाहेर पडतात.

गंमत अशी की खरा प्राप्तिकर येथे उलट दिशेने ओढतो. स्वेच्छानिवृत्तीच्या भरपाईपैकी आयुष्यात एकदाच पाच लाखांपर्यंतची रक्कम, नियमांच्या अटी पाळल्यास, करमुक्त असते. उरलेले साडेसतरा लाख त्या वर्षीच्या उत्पन्नात मिळवले जातात. सेवा 31 मार्चला संपली तर वर्षाचा सहा लाखांचा पगारही त्यात येतो आणि प्रमाणित वजावटीनंतर उपकरासह 2,79,500 रुपये कर होतो. सेवा एप्रिलच्या आरंभी संपली आणि त्या वर्षी दुसरे उत्पन्न नसेल, तर कर 1,40,400 रुपये. एका तारखेने सुमारे 1.39 लाखांचा फरक पडतो. ही तारीख बहुधा व्यवस्थापन ठरवते. म्हणून योजनेचे परिपत्रक वाचताना रकमेइतकेच कार्यमुक्तीच्या तारखेकडे लक्ष हवे.

कर धरल्यावर चित्र बदलते. एप्रिलमध्ये सोडल्यास राहण्याचा निव्वळ लाभ महिन्याला साडेबारा हजारांवरून सुमारे 14,800 रुपये होतो, मार्चमध्ये सोडल्यास सुमारे 17,150 रुपये. म्हणजे एकरकमेवरील कर माणसाला नोकरीत थांबवून ठेवतो. करमुक्त मर्यादा वाढवली की हा अडसर कमी होईल आणि अधिक लोक बाहेर पडतील.

या हिशेबाला मर्यादा आहेत. त्यात वेतनवाढ आणि भविष्य निर्वाह निधीतील मालकाचा वाटा धरलेला नाही. ते धरले तर राहणे अधिक फायद्याचे ठरते. लवकर मिळालेल्या पैशांवरचे व्याज आणि बाहेर मिळू शकणारे दुसरे काम धरलेले नाही. ते धरले तर सोडणे फायद्याचे ठरते. सर्वांत मोठी गृहीतक बाब म्हणजे पगार वेळेवर मिळेल ही. ज्या कारखान्याला पगारासाठीही कर्ज घ्यावे लागते, तेथील कर्मचाऱ्याच्या दृष्टीने तीस लाख हे तीस लाख राहत नाहीत. त्यातले पंचवीस टक्के जरी बुडण्याची धास्ती असली, तरी ते साडेबावीस लाखच उरतात आणि राहण्याचा लाभ शून्यावर येतो. अशा वेळी ‘स्वेच्छा’ हा शब्द कागदावरच राहतो. निर्णय कारखान्याच्या आजारपणाने आधीच घेतलेला असतो.