लिंक आजची, आकडा कालचा: व्हॉट्सअ‍ॅपवर डॅशबोर्डचं जुनं चित्र का दिसतं?

25 जुलै 2024 च्या पहाटे पुण्यात खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडल्या जाणाऱ्या पाण्याचा विसर्ग 35 हजार क्युसेकच्या घरात गेला. सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. विसर्ग वाढवल्याची माहिती वेळेत मिळाली नाही, अशी तक्रार रहिवाशांनी केली होती.

अशा रात्री लोक सगळ्यात आधी सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप उघडतात. तिथे कुणीतरी धरणाच्या डॅशबोर्डची लिंक टाकतं आणि लिंकखाली एक छोटं चित्र येतं. त्यावर विसर्गाचा आकडा असेल, तर बरेच जण तोच वाचून पुढे जातात. लिंक उघडायचे कष्ट कमीच जण घेतात. मग प्रश्न असा, की चित्रावरचा तो आकडा नेमका कधीचा असतो?

हे चित्र येतं कुठून?

प्रत्येक वेबपेजच्या कोडमध्ये वाचकाला न दिसणाऱ्या काही ओळी असतात. त्यातल्या ‘ओपन ग्राफ’ नावाच्या ओळी फेसबुकने 2010 मध्ये आणल्या. पेजचं शीर्षक काय, वर्णन काय आणि शेअर केल्यावर कोणतं चित्र दाखवायचं, हे त्या सांगतात. चित्राची ओळ साधारण अशी असते:

```
<meta property="og:image"
  content="https://example.org/preview.png">
```

व्हॉट्सअ‍ॅप ही ओळ वाचतं आणि ते चित्र उचलतं. डॅशबोर्डवरचे आकडे मात्र बहुतेक वेळा पेज उघडल्यानंतर जावास्क्रिप्टने भरले जातात. प्रिव्ह्यू तयार करताना व्हॉट्सअ‍ॅप जावास्क्रिप्ट चालवत नाही. त्यामुळे पेजवर आकडा दर मिनिटाला बदलत असला, तरी प्रिव्ह्यूला त्याचा पत्ता नसतो. `preview.png` या फाइलमध्ये जे आहे, तेच ग्रुपवर दिसतं. ती फाइल मे महिन्यात बनवली असेल, तर जुलैच्या पुरातही मे महिन्याचंच चित्र येणार.

मग चित्र ताजं कसं ठेवतात?

समजा, काही तरुणांनी पुण्यातल्या धरणांचा डॅशबोर्ड बनवला आहे. चित्र ताजं ठेवायला त्यांना ठरावीक वेळाने चालणारा एक छोटा प्रोग्रॅम लागेल. हा प्रोग्रॅम स्क्रीन नसलेला क्रोमियम ब्राउझर सर्व्हरवर उघडतो, त्यात फक्त विसर्गाचा मोठा आकडा आणि वेळ असलेलं साधं पेज लोड करतो आणि 1200 बाय 630 पिक्सेलचा स्क्रीनशॉट घेतो. ही फाइल हलकी असावी लागते. व्हॉट्सअ‍ॅपची शिफारस 600 केबीपेक्षा कमीची आहे.

हे काम गिटहब अ‍ॅक्शन्ससारख्या सेवेवर करता येतं. पण तिथलं घड्याळ मुळात भारतीय वेळेवर नव्हे, तर यूटीसीवर चालतं आणि ते साडेपाच तास मागे असतं. सकाळी 8 वाजता चित्र हवं असेल, तर वेळापत्रकात 2:30 लिहावे लागतात:

```
30 2 * * *
```

इथे `0 8 * * *` लिहिलं, तर चित्र दुपारी दीड वाजता तयार होईल. शिवाय, सेवेवर ताण असेल तर ठरलेली वेळ पुढेही सरकू शकते.

खडकवासल्यासाठी दिवसातून एकदा चित्र बदलणं पुरेसं नाही. पानशेत, वरसगाव आणि टेमघरचं पाणी याच धरणात येतं, पण त्याची स्वतःची क्षमता दोन टीएमसीहूनही कमी आहे. वरून पाणी आलं की विसर्ग काही तासांत अनेकदा बदलतो. म्हणून पावसाळ्यात दर अर्ध्या तासाने किंवा प्रत्येक नव्या आकड्याबरोबर चित्र बदलावं लागतं.

चित्र बदललं, तरी जुनंच का दिसतं?

खरी मेख इथे आहे. फाइलचं नाव तेच ठेवून आतलं चित्र बदललं, तर मधल्या यंत्रणांना बदल कळत नाही. फेसबुक आणि टेलिग्राम एकदा घेतलेला प्रिव्ह्यू आपल्या सर्व्हरवर साठवून ठेवतात. वेबसाइट वेगाने उघडावी म्हणून वापरल्या जाणाऱ्या सेवाही जुनी फाइल काही काळ देत राहतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक चित्राला नवं नाव देणं. `preview.png` ऐवजी `2024-07-25-0600.png`. त्याच वेळी पेजच्या कोडमधली ओळही बदलायची. आधी चित्र अपलोड करायचं, मग ओळ बदलायची. क्रम उलटा झाला, तर मधल्या काळात लिंक टाकणाऱ्याला चित्रच मिळत नाही.

अपुऱ्या स्क्रीनशॉटचाही धोका असतो. आकडा येण्याआधीच स्क्रीनशॉट घेतला गेला, तर चित्रावर ‘0 क्युसेक’ दिसू शकतं आणि पुराच्या रात्री ते जुन्या आकड्यापेक्षाही घातक आहे. म्हणून आकडा पेजवर दिसेपर्यंत प्रोग्रॅमने थांबावं लागतं. तो आलाच नाही, तर आकड्याशिवायचं चित्र लावणं योग्य. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट नसेल, तर अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन येतात. ही चूक बनवणाऱ्याच्या लॅपटॉपवर कधीच दिसत नाही, कारण तिथे फॉन्ट असतो.

कितीही केलं, तरी काय बदलता येत नाही?

व्हॉट्सअ‍ॅपवर प्रिव्ह्यू लिंक पाठवणाऱ्याच्या फोनवर तयार होतो आणि मेसेजसोबतच जातो. म्हणजे रात्री 11 वाजता टाकलेल्या लिंकखाली रात्री 11 चंच चित्र राहतं. पहाटे 4 वाजता विसर्ग दुप्पट झाला, तरी तो मेसेज बदलत नाही. तो फॉरवर्ड होत राहिला, तर जुना आकडाही नव्या ग्रुपवर फिरत राहतो आणि मेसेजवर मात्र फॉरवर्ड केल्याची नवी वेळ दिसते.

डॅशबोर्ड चालवणाऱ्याच्या हातात इथे एकच गोष्ट उरते. चित्रावरच, आकड्याइतक्याच ठळक अक्षरांत तारीख आणि वेळ लिहायची. ‘25 जुलै, पहाटे 4 चा विसर्ग’ असं लिहिलेलं चित्र जुनं झालं, तरी खोटं ठरत नाही. ‘आत्ताचा विसर्ग’ असं लिहिलेलं चित्र मात्र तासाभरात खोटं ठरू शकतं. काही फोनवर प्रिव्ह्यू छोट्या चौकोनात कापला जातो, म्हणून आकडा आणि वेळ दोन्ही मधोमध हवेत.

ग्रुपवर लिंक दिसली, तर काय पाहायचं?

आधी चित्रावर तारीख आणि वेळ आहे का, ते बघा. नसेल, तर तो आकडा ‘कधीतरीचा’ समजा आणि लिंक उघडा. आत गेल्यावरही आकड्याशेजारची वेळ तपासा, कारण चित्राप्रमाणे डॅशबोर्डही अडकलेला असू शकतो.

लिंक तुम्ही पाठवत असाल, तर जुना मेसेज फॉरवर्ड करू नका. पत्ता कॉपी करून नव्याने पेस्ट करा आणि प्रिव्ह्यू येईपर्यंत दोन-तीन सेकंद थांबा. तरीही जुनंच चित्र आलं, तर पत्त्याच्या शेवटी `?v=2` जोडून पाहा. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल, तर `&v=2` जोडा. बहुतेक साइट्सवर पेज तेच उघडतं, पण अ‍ॅपला पत्ता नवा वाटतो आणि ते चित्र पुन्हा मागवतं. एवढं करूनही आकडा जुनाच असेल, तर तो आणि त्याची वेळ मेसेजमध्ये स्वतः टाइप करा.