उसनें रूप

पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची निरुपद्रवी फूलमाशी गांधीलमाशीचें सोंग घेते. पण तिला पंख दोनच, गांधीलमाशीस चार. आमच्या परसांतील कढीलिंबावर अंडीं घालणाऱ्या ‘बहुरूपी’ फुलपाखराचें कौतुक याहून मोठें. त्याच्या कांहीं माद्यांचे पंख ईश्वरीच्या वेलीवर वाढणाऱ्या दुसऱ्या फुलपाखरासारखे, पांढऱ्या-तांबड्या ठिपक्यांचे असतात. त्या वेलीचें विष दुसऱ्याच्या अंगांत मुरलेलें असतें. एकदां चाखलेला पक्षी त्यास सहसा पुन्हां शिवत नाहीं आणि बहुरूपी मादीही वांचते. आम्ही धडावरून ओळखतों : विषारी फुलपाखराचें तांबडें, सोंगाडीचें काळें. मात्र सोंगें फार झालीं, कीं पक्ष्यांस रुचकर घांस वारंवार मिळून धाक ओसरतो. कांहीं माद्या नरासारख्याच राहतात, त्याचें हेंही एक कारण असावें.