संकलनातील ‘C’ का विसरू नये?

संकलनाच्या उत्तरापुढील ‘+ C’ हा अर्ध्या गुणासाठी पाळायचा शिरस्ता आहे, असा अनेक विद्यार्थ्यांचा समज असतो. तो दूर व्हावा, असे आम्हांस वाटते. x² आणि x² + 7 या दोहोंचे विकलन 2x हेच येते. कारण स्थिर संख्येच्या बदलाचा दर शून्य असतो. साहजिकच 2x पासून मागे जाताना पुसली गेलेली संख्या कोणती, हे कळत नाही. तिची जागा C राखून ठेवतो.

समजा, 25 मीटर उंच गच्चीच्या कडेवरून दगड सेकंदाला 20 मीटर वेगाने सरळ वर फेकला. गुरुत्वत्वरण 10 धरल्यास t सेकंदांनंतरचा वेग 20 − 10t आणि संकलनाने उंची 20t − 5t² + C. आरंभी, म्हणजे t = 0 असताना, उंची 25 आहे; म्हणून C = 25 आणि दगड 5 सेकंदांनी जमिनीवर येतो. C विसरल्यास उत्तर 4 सेकंद येते. त्या क्षणी तर दगड गच्चीच्याच पातळीवर असतो!

विकलन करून ताळा पाहिला तरी ही चूक सापडत नाही; t = 0 घालून पाहिल्यावरच सापडते. म्हणून C शिकवताना ‘आरंभ कोठून झाला?’ हा प्रश्न आम्ही आधी विचारावा.